यातना, तीनशे किलो

रशियन मी पुण्यात शिकले. घरात सगळ्यांना वाटे, हिला मॉस्कोला जायचंय. मी गेले सिॲटलला, लग्न होऊन, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या एका मासळीच्या कंपनीत मला नोकरी लागली. रशियन येणारी बाई हवी होती. समोरची बाई भारतीय आहे याचं बॉसला फारसं काही वाटलं नाही. त्याने मला एक कागद वाचायला दिला, मी वाचला, आणि सोमवारपासून ये म्हणाला.

धंदा विचित्र होता. दोन्ही देशांची सरकारं एकमेकांकडे रोखून बघत होती आणि इकडे समुद्रात अमेरिकन बोटी मासे पकडून सोव्हिएत जहाजांवर ओतत होत्या. ती जहाजं म्हणजे तरंगते कारखाने. मासे साफ करायचे, गोठवायचे, उरलेल्याची पावडर करायची, सगळं तिथेच. किनाऱ्यावरून ती दिसत नसत. आमच्या ऑफिसपर्यंत त्यांचा फक्त टेलेक्स पोचे. कोपऱ्यातलं यंत्र अचानक खडखडायला लागे आणि कागदावर रशियन शब्द उमटत, पण इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, कारण यंत्राला दुसरी अक्षरं येत नव्हती. जहाजाकडून येणारे शब्द मोजकेच असत. समुद्रातून रेडिओवरून पाठवायचं म्हटलं की माणूस आपोआप कमी बोलतो.

माझं काम त्या शब्दांचं इंग्रजी करणं. सुरुवातीला मला ते अगदीच किरकोळ वाटलं. करारांची पानंच्या पानं मी शब्दकोश न उघडता करत असे. अडायचं ते दोन शब्दांच्या टेलेक्सपाशी.

एका जहाजावरचा स्वयंपाकी मला असा टेलेक्समधूनच माहीत झाला. जहाजावरच्या स्वयंपाक्याला रशियनमध्ये कोक म्हणतात. सामानाच्या मागणीखाली सहीच्या जागी तेवढंच असे, कोक. त्याचा मला आलेला पहिला टेलेक्स होता: मुका, तीनशे किलो. मराठी माणसाला हा शब्द वाचून काय काय सुचेल ते सुचो, रशियनमध्ये त्याचे दोन अर्थ होतात. आघात पहिल्या अक्षरावर दिला तर यातना, दुसऱ्यावर दिला तर पीठ. लिहिताना आघात लिहीत नाहीत. शिवाय पीठ म्हणजे पावाचं पीठ की माशांची पावडर, दोन्हीला तोच शब्द. कारखान्याकडून आलं असतं तर ‘आमच्याकडे तीनशे किलो पावडर तयार आहे’ असा अर्थ झाला असता. पण खाली सही कोकची होती, म्हणजे पावाचं पीठ, आणि ते हवं आहे. दोन शब्द आणि एक आकडा, तरी सही कुणाची ते पाहिल्याशिवाय मला पुढे जाता आलं नव्हतं.

मी त्याला खात्रीसाठी उलट विचारलं, पावासाठी का? उत्तर आलं, पावासाठी, आणि दुसरं काय. पुढच्या वेळी त्याने आपणहून लिहिलं, मुका, कंसात पाव. त्या कंसाने मला बरं वाटलं. समुद्रात कुठेतरी एका माणसाला कळलं होतं की इकडे कागदापाशी कुणीतरी बसलेलं आहे.

वर्षभर हे असं चाललं. कोबी, बटाटे, कांदे, काळी मिरी. कधी एका शब्दाचे आभार. त्याचं वय, चेहरा, मला काही माहीत नव्हतं. भांडी घासताना कधी मनात येई, आज त्यांच्याकडे काय केलं असेल.

मग बॉसने मशीन आणायचं ठरवलं. बॉस स्वतः जुना कोळी, तरुणपणी बोटीवर राबलेला, पण नव्या वस्तूंची त्याला हौस होती. सांता क्लारातल्या एका छोट्या कंपनीने रशियनवरून इंग्रजी करणारा प्रोग्रॅम तयार केला होता. तो बसवायला जो इंजिनिअर आला तो निघाला नागपूरचा. माझ्या टेबलावरचा डबा बघून त्याने थेट मराठीत विचारलं, “ताई, तुम्ही पुण्याच्या का?” त्या आठवड्यात तो रोज आमच्याकडेच जेवला.

त्याला रशियन फक्त अक्षरओळखीपुरतं येत होतं. पण मशीन आतून कसं चालतं ते तो छान समजावून सांगे. आधी आख्खा शब्द कोशात सापडतो का ते मशीन बघतं. नाही सापडला तर शेवटचे प्रत्यय कापून मूळ शब्द शोधतं. एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर आजूबाजूच्या शब्दांवरून निवडतं, आणि आजूबाजूला काहीच नसेल तर कोशातला पहिला अर्थ उचलतं. कोश त्यांनी विज्ञानाच्या आणि वैद्यकीच्या रशियन नियतकालिकांवरून केला होता. तोच माल जास्त विकला जाई.

लांब वाक्यांवर ते मशीन बरं चाललं, हे कबूल करायला हवं. माझा निम्मा वेळ वाचायला लागला. गंमत व्हायची ती छोट्या टेलेक्सांची. ‘मुका तीनशे किलो’चं त्याने केलं, यातना, तीनशे किलो. बॉसने तो कागद भिंतीवर लावला. कांद्याचा रशियन शब्द लूक, त्याचाच दुसरा अर्थ धनुष्य. मशीनने धनुष्य निवडलं. इंग्रजीत धनुष्याला आणि जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एकच शब्द आहे, त्यामुळे कांदे मागणारा कागद सामानाऐवजी दुरुस्तीवाल्या माणसाकडे गेला आणि जहाजाच्या नाळेचं दोनशे किलो काय करायचं म्हणून तो माझ्याकडे विचारायला आला. एकदा दुरुस्तीच्या यादीत शॉवर होते. शॉवर म्हणजे दूश. पण आत्मा या शब्दाचं षष्ठीचं अनेकवचनही दूशच होतं. मशीनने लिहिलं, आत्मे, दोन नग.

सगळे हसले. मीही हसले. पण संध्याकाळी बसने घरी येताना ते शब्द माझ्याबरोबर आले. बाहेर पाऊस होता, तिथे तो बहुतेक असतोच. मला दिसत होतं, धुक्यातलं ते जहाज, आणि त्याला हवे असलेले दोन आत्मे.

मी इंजिनिअरला म्हटलं, “हे छोटे टेलेक्स मशीनकडे देऊच नकोस ना.”

तो म्हणाला, “ताई, लोकांना उलटं वाटतं. मॅनेजमेंट म्हणते, छोटं आहे म्हणजे इझी असणार.”

आणि तसंच झालं. तो परत गेल्यावर बॉसने नियम काढला: करार आणि लांब पत्रं मशीन करेल आणि मी तपासीन, पाच शब्दांपर्यंतचं जे असेल ते मशीनमधून थेट संबंधित माणसाकडे जाईल. चार शब्दांसाठी पगारी माणूस कशाला अडकवायचा, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं की चार शब्दांतच आधार नसतो. लांब वाक्यात एक शब्द चुकला तरी बाकीचे त्याला सावरतात. दोन शब्दांत सावरायला कुणी नसतं. पाठवणारा कोण, कालचा टेलेक्स काय होता, जहाजावर नेमकं काय चाललंय, हे सगळं कागदाच्या बाहेर असतं आणि मशीन फक्त कागद बघतं. बॉसने ऐकून घेतलं. अडलं तर लोक तुझ्याकडे येतीलच की, म्हणाला. ते खरंही होतं. नाळेसाठी आलेच होते. पण वाचून अर्थ लागतोय असं वाटलं तर कोण येणार? चुकीचं इंग्रजी जेव्हा अगदी बरोबर दिसतं, तेव्हा कुणी विचारायला येत नाही. हे मला तेव्हा इतकं नीट बोलता आलं नाही.

त्यानंतर कोक माझ्या टेबलावरून गेला. यंत्र खडखडे, दुसरंच कुणी कागद फाडून घेई. मला त्याची सवय झाली होती हे मला तेव्हा कळलं. पलीकडून ओळखीचा शब्द वाचल्याचा आवाज आला तर मी मान वर करत असे.

उन्हाळा संपता संपता एके दिवशी बॉस माझ्या टेबलाशी आला. हातात एका टेलेक्सचं भाषांतर होतं. त्या जहाजाच्या कप्तानाकडून आलेलं: मिळालं. ते नव्हे. वाट बघतो.

“मशीनने बरोबर केलंय का हे?” त्याने विचारलं.

मी मूळ कागद पाहिला. बरोबर होतं. मग मी विचारलं, मिळालं म्हणजे काय मिळालं? त्याने सांगितलं, त्यांनी मागितलं तेच पाठवलं, जस्ताचे ठोकळे आणि कोला. जहाजाचा तळ गंजू नये म्हणून बाहेरून जस्ताचे ठोकळे लावतात, ते नेहमीच जात असत. आणि सोव्हिएत खलाशांना अमेरिकन थंड पेयांचं अप्रूप असल्याने कंपनी अधूनमधून त्याचे खोके भेट म्हणून पाठवी. ते संपले असणार, म्हणून भरपूर पाठवले होते. एका बोटीने सगळं नेऊन दिलं होतं. एरवी आमचा एक माणूस त्या जहाजावर राहत असे, त्याने लगेच खुलासा केला असता, पण नेमका तो दात काढायला किनाऱ्यावर आला होता.

मी मूळ मागणीचा टेलेक्स मागितला. तो सामानवाल्याच्या ट्रेमध्ये सापडला. वर मशीनचं इंग्रजी होतं: आता कोका उरला नाही. जस्त हवं आहे. खाली मूळ रशियन: कोका न्ये स्ताला. नूझेन त्सिंक.

मी उभ्याने वाचत होते. मग बसले.

मशीनला कोशात कोका हा आख्खा शब्द सापडला होता. कोका म्हणजे ती दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. वैद्यकीच्या कोशात ती असणारच. आख्खा शब्द जुळल्यावर मशीनने त्याचं शेपूट कापून बघितलं नाही. बघितलं असतं तरी कोशात कोक नव्हता. डॉक्टरांच्या नियतकालिकात जहाजावरचा स्वयंपाकी कशाला येईल? पण ‘न्ये स्ताला’च्या आधी शब्द नेहमी षष्ठीत येतो. त्या वनस्पतीची षष्ठी कोकी झाली असती. कोका ही षष्ठी एकाच शब्दाची होते, कोक या शब्दाची.

आणि ‘न्ये स्ताला’. वस्तूबद्दल असेल तर उरली नाही, संपली. माणसाबद्दल असेल तर मराठीत आपण म्हणतो तेच. सासरे गेले तेव्हा दिरांनी पुण्याहून फोन केला होता. लाइन खराब होती, मध्येच आवाज जात होता, आणि त्यांनी तीनच शब्द म्हटले होते, नाना राहिले नाहीत. त्याचं इंग्रजी शब्दाला शब्द लावून केलं तर नाना थांबले नाहीत असं होईल. कुठे थांबले नाहीत, असंही कुणी विचारील.

कोक राहिला नाही. जस्त हवं आहे.

रशियात त्या वर्षांत परक्या देशातल्या युद्धातून सैनिकांचे मृतदेह घरी येत होते, आणि जस्त म्हणजे काय हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत होतं. लांबून माणसाला घरी आणायचं तर जस्ताच्या पेटीत घालून, झाळून बंद करून आणतात. त्यांच्या बोलण्यात पेटी हा शब्द गळून जातो, नुसतं जस्त राहतं. इथे मशीन चुकलंच नव्हतं. त्सिंक म्हणजे जस्तच. चुकला होता तो वाचणारा, कारण जहाज आणि जस्त म्हटल्यावर त्याला तळाचे ठोकळेच आठवले. आधीचं वाक्य बरोबर झालं असतं तर दुसरं कुणीही ओळखलं असतं.

मी बॉसला सांगितलं, “त्यांचा स्वयंपाकी वारलाय. ते शवपेटी मागताहेत.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मग म्हणाला, “आणि आपण त्यांना कोला पाठवला.”

खात्री करणं भाग होतं. माझं वाचन चुकलं असतं तर जिवंत माणसासाठी पेटी गेली असती. मी कप्तानाला लिहायला बसले आणि मुद्दाम पूर्ण वाक्यं लिहिली, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं. तुमच्या जहाजावरच्या स्वयंपाक्याचा मृत्यू झाला आहे असा आम्ही तुमच्या टेलेक्सचा अर्थ लावतो आहोत, तो बरोबर आहे का? आणि तुम्हाला मृतदेह मायदेशी नेण्यासाठी जस्ताची बंद पेटी हवी आहे का? जास्तीचे शब्द खर्चिक म्हणून बॉस एरवी कुरकुरला असता. त्या दिवशी तो माझ्यामागे उभा राहून बघत होता.

उत्तर लगेच आलं नाही. आम्ही जेवायच्या सुट्टीतही बाहेर गेलो नाही. यंत्र खडखडलं तेव्हा खोलीतले सगळे उठले. मी वाचत गेले आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेले. होय. हृदय. मृतदेह गोठवण्याच्या खोलीत ठेवला आहे. पेटी हवी आहे. आणि शेवटी एक ओळ होती: तुमची भेट खलाशांना समजली नाही.

त्या ओळीने माझ्या डोक्यात जे चित्र काढलं ते अजून पुसलेलं नाही. खाली गोठवलेल्या माशांच्या लाद्या रचलेल्या, त्यांच्या शेजारी एक माणूस, आणि वर डेकवर लाल रंगाच्या डब्यांचे खोके उतरवून घेणारे लोक. ते एकमेकांना काय म्हणाले असतील? त्यांनी मेल्याची खबर दिली आणि अमेरिकेने गोड पाणी पाठवलं. ते त्यांनी प्यायलं का, समुद्रात टाकलं का, मी कधी विचारलं नाही. कप्तानाला मात्र मी लिहिलं की ती भेट नव्हती, भाषांतराची चूक होती, आणि चूक कोणत्या शब्दाची झाली तेही लिहिलं. ते त्याला समजलं असावं. त्याने उत्तरात कोकी आणि कोका असे दोन शब्द आणि मध्ये एक प्रश्नचिन्ह पाठवलं. मी होय लिहिलं.

परदेशी पाठवायचे मृतदेह ज्यात ठेवतात तशी धातूची पेटी बॉसने शहरातल्या एका अंत्यविधीवाल्याकडून मिळवली. जिथून आमच्या बोटी सुटत त्या छोट्या बंदरावर ती ट्रकने न्यायची होती. जहाजावरून एक अधिकारी बोटीने येणार होता आणि कागद दोन्ही भाषांत करायचे होते, म्हणून मीही गेले. कागदावर त्या माणसाचं नाव मी टाइप केलं, एकदा त्याच्या भाषेत, एकदा इंग्रजीत. वर्षभर जो नुसता कोक होता त्याला नाव होतं, वडिलांचं नाव होतं, गाव होतं, आणि वय माझ्या थोरल्या भावाएवढं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

बंदरावर धुकं होतं. तो अधिकारी तरुण होता, दाढी वाढलेली, कोटाला माशांचा वास. पेटीचं झाकण उघडून त्याने आत हात फिरवला, कडा तपासल्या, मापं घेतली. मी त्याच्याशी रशियनमध्ये बोलले तेव्हा तो चमकला. माझे उच्चार त्याला कुठले ते कळेनात. मी भारतीय आहे म्हटल्यावर म्हणाला, आम्ही पैज लावली होती, कुणी म्हणे जॉर्जियन असेल, कुणी म्हणे रशियातून पळून गेलेली एखादी म्हातारी असेल.

मग म्हणाला, “तो मात्र पैज लावायचा नाही. तो म्हणायचा, कोण का असेना, आघात कुठे द्यायचा ते त्या माणसाला कळतं.”

त्याने सिगारेट पुढे केली, मी ओढत नसूनही हातात घेतली. पेटी बोटीवर चढवताना आमच्या बॉसने टोपी काढली. बोट धुक्यात शिरली. इंजिनाचा आवाज येत राहिला, मग तोही येईनासा झाला. परत येताना गाडीत बॉस मला म्हणाला की उद्यापासून सगळे छोटे टेलेक्स आधी तुझ्याकडे. मी मान हलवली.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण बॉसला स्वस्थता नव्हती. त्याने त्याच संध्याकाळी सांता क्लाराला फोन करून बजावलं की ते दोन शब्द पुन्हा कधी चुकता कामा नयेत. मी इंजिनिअरला सांगितलं की घाई करू नकोस, त्या शब्दांना दोन अर्थ आहेत. पण त्याच्या वरच्यांनी त्याला रेटलं. त्याने कोक कोशात घातला, ते चांगलंच केलं, आणि ‘न्ये स्ताला’चा पहिला अर्थ केला, वारला.

मशीन बंद केलेलं नव्हतं. त्याचं भाषांतर माझ्याकडे मूळ टेलेक्सबरोबर येई आणि मी ते सुधारून पुढे देई. थंडी पडायला लागली तेव्हा दुसऱ्या एका जहाजाचा टेलेक्स आला. मशीनने लिहिलं होतं: पाव वारला.

मूळ होतं, ख्ल्येबा न्ये स्ताला. पाव संपला. शेजारच्या टेबलावरचा माणूस ते वाचून हसत सुटला आणि मला म्हणाला, हे भिंतीवर लाव. मी लावलं नाही. मी खोडून पाव संपला आहे असं लिहिलं आणि सामानाकडे दिलं. पण मागून कुणीतरी माझ्या खांद्यावरून कागद वाचतंय असं वाटलं, आणि मी खरंच मागे वळून बघितलं.

मी इंजिनिअरला फोन केला. त्याला फार वाईट वाटलं. म्हणाला, “ताई, मी लॉजिक बदलतो. वस्तू असेल तर संपलं, सजीव असेल तर वारला. कोशात तेवढी खूण प्रत्येक नामाला आहेच.”

रशियन व्याकरणात सजीव निर्जीव हा भेद असतोच, त्यामुळे मलाही ते पटलं. त्याने तसं केलं. पाव संपायला लागला, पाणी संपायला लागलं. मग एक टेलेक्स आला, मासे वारले. मासे सजीवच ना. जाळ्यात मासे येईनासे झाले होते, एवढंच कप्तानाला म्हणायचं होतं.

इंजिनिअरने फोनवर ते लिहून घेतलं. मग म्हणाला की आता माणूस असेल तरच असं करू का? मी म्हटलं, माणसाचंही बघ. कामावर माणसं उरली नाहीत, दुसऱ्या जहाजावर गेली, असंही त्याच शब्दांत कुणी लिहील. एखादा कप्तान लिहील, स्वयंपाकी राहिला नाही, आणि तो नुसता बदली होऊन गेला असेल. मग आपण त्याला पेटी पाठवायची का?

“मग करायचं काय?” त्याने विचारलं.

“काही करायचं नाही. तिथे ट्रान्सलेट करूच नकोस. मूळ शब्द तसेच ठेव आणि शेजारी खूण कर. मी बघेन. मलाही कळलं नाही तर मी जहाजाला विचारीन.”

मशीनने ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं, हे त्याच्या कंपनीला पसंत पडणं अवघड होतं. ग्राहकाला ते अर्धवट वाटतं. त्याने ते कसं पटवलं मला ठाऊक नाही, पण कंपनीने पाठवलेल्या पुढच्या फ्लॉपी चकतीबरोबर तो बदल आला. एकट्यादुकट्या शब्दाला एकापेक्षा जास्त अर्थ असतील आणि निवडायला काही आधार नसेल, तर मशीन मूळ शब्द छापून पुढे एक फुली मारत असे. आम्ही जहाजांनाही कळवलं की सामानाच्या मागणीत वस्तूचं नाव एकटं लिहू नका, कशासाठी ते एका शब्दात लिहा, आणि माणसाबद्दल काही असेल तर पूर्ण वाक्य लिहा. बहुतेकांनी ऐकलं.

पुढच्या हंगामात ते जहाज परत आलं. नवा स्वयंपाकी होता. त्याचे टेलेक्स नीटनेटके असत, वस्तू, वजन, कशासाठी. मला त्यात दुरुस्त करायला काही नसे. सही तीच असे, कोक. मशीनला आता तो शब्द येत होता आणि ते बिनचूक छापत होतं, स्वयंपाकी.

दशक संपता संपता अमेरिकनांनी स्वतःची कारखाना-जहाजं बांधली आणि सोव्हिएत जहाजांची गरज उरली नाही. शेवटच्या महिन्यांत टेलेक्सचं यंत्र दिवसदिवस गप्प असायचं. मी माझ्या टेबलाशी काही ना काही वाचत बसलेली असे, आणि ते खडखडलं की उठून जात असे. कागद फाडून हातात घेतल्यावर इंग्रजीकडे मी नंतर बघे. आधी शेवटी सही कुणाची आहे ते बघे, मग फुल्या कुठे आहेत ते. एखाद्या फुलीपाशी कधीकधी मी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबत असे. बॉस ते बघत असे, पण त्याने मला कधी घाई केली नाही.